पेपर पाठवण्याआधी नावांच्या क्रमाचं बोलणं कसं काढायचं

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझं नाव एका पेपरवर दुसरं होतं. निदान मला तसं वाटत होतं. जर्नलकडून ‘तुमचं हस्तलिखित मिळालं’ असा मेल आला, सोबतची पीडीएफ उघडली, तर मी चौथी. मधली दोन नावं कधी आली, कुणी घातली, कुणालाच नीट सांगता येईना. वाईट हेतू कुणाचा नव्हता. दोन वर्षांत या विषयावर कुणी एकदाही तोंड उघडलं नव्हतं आणि शेवटच्या रात्री ज्याच्या हाती लॅपटॉप होता त्यानं आपल्या समजुतीनं यादी भरली होती. तेव्हापासून माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक पेपरला मी हे बोलणं आधी काढते आणि विद्यार्थ्यांनाही काढायला लावते.

हा लेख ड्राफ्ट लिहिणाऱ्यासाठी आहे. बहुतेक वेळा तो पीएचडीचा विद्यार्थी असतो, गटात वयानं आणि पदानं लहान, आणि त्यालाच मोठ्यांपुढे क्रम मांडायचा असतो. मागच्या वर्षी असाच एक पेपर मी जवळून पाहिला. तोच उदाहरण म्हणून घेते. नावं आणि काही तपशील बदलले आहेत.

मृणाल पुण्यातल्या एका संस्थेत मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करते. विषय नदीच्या पाण्यातले अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू. खडकवासला धरणाच्या खालपासून विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल, संगम पूल, बंडगार्डन आणि मुंढवा अशा सहा ठिकाणांहून वर्षभर दर महिन्याला पाणी आणलं, म्हणजे ७२ नमुने. ते आणायची एमएस्सीची सायली, पहाटे स्कूटीवर पायापाशी बर्फाची पेटी ठेवून, कारण नमुना गार ठेवून सहा तासांच्या आत जिवाणू वाढवायच्या प्लेटवर लावायचा असतो. प्लेटिंगचं निम्मं काम तिचं, निम्मं मृणालचं. आकडेमोड निखिलनं केली, तो दुसऱ्या कॉलेजच्या स्टॅटिस्टिक्स विभागातला. निवडक २४ जिवाणूंचं सिक्वेन्सिंग आणि त्यातल्या जनुकांचा अर्थ लावणं हे पाषाणच्या एका प्रयोगशाळेतल्या मॅडमचं. मूळ कल्पना, निधी आणि मार्गदर्शन सरांचं. जिवाणूंचं खाद्य, म्हणजे मीडिया, बनवून देणारे लॅबमधले काका होते. आणि विभागप्रमुख होते, ज्यांच्या सहीनं उपकरणांची खोली मिळाली होती.

यातले लेखक कोण, आणि कुठल्या क्रमानं?

वेळ कुठली

सगळ्यात चांगली वेळ काम सुरू करताना. पण खरं सांगायचं तर तेव्हा फारसं कुणी बोलत नाही, आणि बोललं तरी वर्षभरात काम इतकं बदलतं की तो क्रम जुना होतो. म्हणून दुसरी वेळ चुकवू नका: आकृत्या पक्क्या झाल्यावर, पण पूर्ण ड्राफ्ट सगळ्यांकडे जाण्याआधी. आकृत्या ठरल्या की पेपरमध्ये काय राहिलं आणि काय गळालं ते दिसतं. ड्राफ्ट गेला की मात्र पहिल्या पानावरची यादी वाचूनच लोक मत बनवतात. ‘तात्पुरतं लिहिलंय’ असं तुम्ही कितीही सांगा, ज्याचं नाव खाली दिसलं त्याच्या मनात ते राहतं. मृणालला मी पहिल्या ड्राफ्टवर नावांच्या जागी फक्त ‘लेखक: ठरायचे आहेत’ असं लिहायला सांगितलं होतं.

क्रमाआधी तक्ता

नवीन माणूस थेट क्रमावर जातो आणि तिथेच अडकतो. क्रम म्हणजे माणसांची तुलना, ती समोरासमोर करणं सगळ्यांनाच जड जातं. काम मांडणं त्यापेक्षा सोपं. म्हणून आधी कोणी काय केलं याचा तक्ता करा, क्रम त्यातून पुढे येऊ द्या.

तक्त्याचे रकाने स्वतः शोधायची गरज नाही. क्रेडिट नावाची एक तयार यादी आहे, २०१४ च्या सुमारास पुढे आलेली आणि २०२२ मध्ये अमेरिकेत अधिकृत मानक झालेली. तिच्यात १४ भूमिका आहेत: कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष प्रयोग, विश्लेषण, सॉफ्टवेअर, डेटाची निगा, साधनसामग्री, निधी, देखरेख, पहिला मसुदा, मसुद्याची दुरुस्ती वगैरे. अनेक जर्नल सबमिशनच्या वेळी हीच यादी भरून घेतात. स्क्रीनवर ती `Investigation`, `Formal analysis`, `Writing – original draft` अशा नावांनी दिसते. एका भूमिकेत अनेक जण असू शकतात आणि प्रत्येकापुढे `lead`, `equal` किंवा `supporting` असं लिहिता येतं, म्हणजे मुख्य, समान की मदतीचा.

टक्के लिहू नका. आपण काय केलं हे प्रत्येकाला तपशिलात आठवतं, दुसऱ्याचं पुसट. पाच जणांना वेगवेगळे टक्के विचारले तर बेरीज बहुधा शंभराच्या वर जाते, आणि मग कुणाचे कापायचे यावर भांडण. ‘विश्लेषणात मुख्य’ हे शब्द माणसाला पटतात. ‘तुझे १८ टक्के’ हे कुणालाच पटत नाही. थिसिस किंवा बढतीच्या कागदासाठी कुठे टक्केच मागितले, तर ते या तक्त्यावरून सगळ्यांत शेवटी काढा.

मृणालनं केलेला कच्चा तक्ता साधारण असा होता. कल्पनेत सर मुख्य, ती मदतीला. प्रत्यक्ष प्रयोगात ती आणि सायली समान. विश्लेषण आणि आकृत्यांत निखिल मुख्य. सिक्वेन्सिंग आणि जनुकांच्या भागात मॅडम मुख्य. पहिला मसुदा ती. निधी आणि देखरेख सर. तक्ता बघताना तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं की सायलीच्या नावापुढे लेखनात काहीच नाही.

इथे थोडं थांबते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त अन्याय याच जागी होतो. वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या बऱ्याच जर्नलांत वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, चार निकष चालतात. कल्पना, रचना, डेटा किंवा विश्लेषण यांत ठोस वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यावर गांभीर्यानं सूचना करण्यात भाग हवा. अंतिम आवृत्तीला संमती हवी. आणि पेपरबद्दल प्रश्न उठला तर उत्तर देण्याची जबाबदारी घ्यायला हवी. चारही पूर्ण हवेत. मग एखादा सहज म्हणतो, ‘सायलीनं एक ओळही लिहिली नाही, ती आभारात.’ पण त्याच नियमांत पुढे स्पष्ट म्हटलंय की पहिला निकष पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मसुद्यावर काम करण्याची आणि संमती देण्याची संधी मिळाली पाहिजे. म्हणजे मसुदा दाखवायचाच नाही आणि मग लिहिलं नाही म्हणून वगळायचं, हे चालत नाही. मृणालनं नमुने गोळा करण्याचा आणि प्लेटिंगचा पद्धतीचा भाग सायलीला लिहायला दिला. तिनं तो दीड पान लिहिला, आणि त्यात मृणालच्या मसुद्यातली एक चूकही सापडली: पावसाळ्यातल्या दोन महिन्यांत विठ्ठलवाडीचा नमुना ठरलेल्या जागेवरून घेता आला नव्हता, काठावरून जरा खाली घेतला होता. हे पेपरमध्ये यायलाच हवं होतं, आणि ते फक्त तिलाच माहीत होतं.

आधी सरांशी, एकट्यानं

गटाला मेल करण्याआधी गाइडशी बोला. मेल आधी गेला आणि सरांना तो सगळ्यांसोबतच दिसला, तर मजकूर कितीही बरोबर असो, त्यांना तो परस्पर केलेला निर्णय वाटेल. लॅब मीटिंगमध्ये हा विषय काढू नका, चार माणसांसमोर कुणीच मोकळं बोलत नाही. वेळ मागून त्यांच्या केबिनमध्ये जा आणि तक्ता छापून न्या. कागद समोर असला की दोघांची नजर कागदावर राहते, बोलणं हलकं होतं.

सुरुवात ‘फर्स्ट ऑथर कोण?’ अशी नको. मृणालनं जे म्हटलं ते जवळपास शब्दशः देते: “सर, जर्नलच्या फॉर्ममध्ये कोणी काय केलं ते भरावं लागतंय. मी कच्चा तक्ता केलाय. माझ्याकडून कुणाचं काही राहिलं नाहीये ना, एकदा बघता का?” सरांनी पेन घेऊन दोन ठिकाणी दुरुस्ती केली. मग तीच म्हणाली, “यावरून मला क्रम असा वाटतोय, पण तुमचं मत आधी ऐकायचं होतं.” स्वतःचं नाव पहिलं आहे हे तिनं लपवलंही नाही, त्याचं समर्थनही करत बसली नाही. पहिला मसुदा आणि निम्मे प्रयोग तक्त्यात दिसतच होते.

‘बघू गं नंतर’ असं उत्तर फार वेळा येतं. त्यात नकार असतोच असं नाही, बहुतेकदा कंटाळा असतो. आठवड्यानं परत जा आणि एक छोटी गोष्ट मागा: “सर, मग मी सगळ्यांना फक्त तक्ता पाठवू का? क्रम तुम्ही म्हणाल तेव्हा.” याला क्वचितच कुणी नाही म्हणतं, आणि तक्ता एकदा फिरला की क्रमाचं निम्मं काम झालेलं असतं.

याच बैठकीत विभागप्रमुखांचं नाव निघालं. सर म्हणाले, “त्यांचं नाव घालावं लागेल बहुतेक.” अशा वेळी ‘हे नियमात बसत नाही’ असं विद्यार्थ्यानं म्हणणं म्हणजे सरांनाच कात्रीत पकडणं. मृणालनं विचारलं, “चालेल सर, तक्त्यात त्यांच्यापुढे कुठली भूमिका लिहू?” सर थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिले. नुसती जागा देणं, निधी मिळवणं किंवा विभागाची सर्वसाधारण देखरेख, एवढ्यावर लेखकपद मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी सर स्वतः जाऊन विभागप्रमुखांशी बोलले आणि त्यांचं नाव, काकांच्या नावासोबत, आभारात आलं. आभारात नाव घालतानाही त्या व्यक्तीला विचारावं, शक्य तर लेखी. प्रत्येक ठिकाणी गोष्ट इतकी सरळ जाणार नाही. गाइड ठाम राहिले तर एकट्या विद्यार्थ्यानं तिथे लढू नये असं माझं मत आहे. पण भूमिकेचा प्रश्न विचारावाच, आणि त्या नावापुढे खोटी भूमिका आपल्या हातानं लिहू नये. ती गाइडना भरू द्यावी.

दुसऱ्या जागेचा पेच

पहिली आणि शेवटची जागा बहुतेक वेळा आपोआप ठरते. जीवशास्त्रात पहिला तो ज्यानं मुख्य काम केलं आणि लिहिलं, शेवटचा तो ज्याच्या प्रयोगशाळेत आणि मार्गदर्शनाखाली ते झालं. गणितात नावं आडनावाच्या वर्णानुक्रमानं लावतात, अर्थशास्त्रातही बरेचदा. म्हणून वेगवेगळ्या विभागांची माणसं एकत्र असतील तर आधी विचारा, ‘तुमच्याकडे क्रम कसा वाचतात?’ निखिलला शेवटच्या जागेला एवढा मान असतो हेच माहीत नव्हतं. तो मॅडमच्या आधी तिसरा असणं म्हणजे त्यांच्यापेक्षा वरचढ असं समजून संकोचला होता.

खरा पेच दुसऱ्या जागेचा. सायलीचे तास सगळ्यात जास्त. निखिलचे तास कमी, पण त्याच्या मॉडेलनं दाखवलं की आधी काढलेला एक निष्कर्ष केवळ एकाच ठिकाणच्या आकड्यांवर उभा होता. तो निष्कर्ष गाळावा लागला आणि पेपर वाचला. तास मोजायचे की वजन?

मला तासांपेक्षा दुसरा प्रश्न उपयोगी पडतो: हा माणूस नसता तर कोणत्या आकृत्या राहिल्या नसत्या? पाच आकृत्यांपैकी पहिल्या तीन सायलीच्या डेटाशिवाय नव्हत्याच. निखिलमुळे तिसरी आणि चौथी उभी होती, पाचवी मॅडमची. त्यात सायलीनं पद्धतीचा भागही लिहिला होता. म्हणून प्रस्ताव ठरला: मृणाल, सायली, निखिल, मॅडम, सर. निकाल उलटाही लागला असता. विश्लेषणाची पद्धतच नवी असती, तर मी निखिलला दुसरा म्हटलं असतं.

ज्याला एक पायरी खाली यावं लागणार, त्याला गटाच्या मेलमधून ते कळू देऊ नका. मृणालनं निखिलला आधी फोन केला. “अरे, मी सायलीला दुसरी मांडतेय, पहिल्या तीन आकृत्या तिच्या डेटावर आहेत म्हणून. तुला ते कसं वाटतंय ते मेल जायच्या आधी ऐकायचंय.” तो दोन क्षण गप्प झाला, मग म्हणाला की त्याला नावाच्या जागेपेक्षा कोडचं श्रेय हवंय, कारण पुढच्या नोकरीच्या अर्जात तेच दाखवायचंय. हे तिला कधीच सुचलं नसतं. विश्लेषणाचा कोड झेनोडो या डेटा आणि कोड जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच्या नावानं ठेवला, त्याला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळाला, आणि पेपरच्या मजकुरात त्याचा उल्लेख आला. एवढं खरं देता येत असेल तरच द्या. ‘पुढच्या पेपरला तुला पहिला करू’ हे आश्वासन कधीही देऊ नका, तो पेपर होईल की नाही हे कुणाच्याच हातात नसतं.

‘समान वाटा’ अशी तळटीप टाकून प्रश्न सोडवायचा मोह होतो. दोघांनी खरंच पेपर मिळून पेलला असेल तर ती जरूर टाका, पण आधी त्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचनांत ती चालते का ते बघा. आणि दोघांनाही सांगा की तळटीप असली तरी संदर्भ देताना लोक पहिलंच नाव लिहितात.

मॅडमची अडचण वेगळी होती, त्यांना कॉरस्पाँडिंग लेखक व्हायचं होतं, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या पेपरला मूळ ८ गुण आहेत. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या, मुख्य किंवा कॉरस्पाँडिंग लेखकाला त्याचे ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे एकाला ५.६, दुसऱ्याला २.४. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाच्या बढतीत हा फरक दिसतो. म्हणून कुणी कॉरस्पाँडिंगचा आग्रह धरला तर लगेच त्याला हावरा ठरवू नका, त्याच्या कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचा, म्हणजे आयक्यूएसीचा, तक्ता डोळ्यांसमोर आणा. पण कॉरस्पाँडिंग लेखक म्हणजे जर्नलशी आणि वाचकांशी पुढची कित्येक वर्षं पत्रव्यवहार करणारा माणूस, हेही सांगा. सिक्वेन्सच्या प्रश्नांना उत्तरं मॅडमच देणार होत्या, म्हणून सर आणि मॅडम दोघंही कॉरस्पाँडिंग झाले. जर्नल दोन नावं घेतं की नाही ते आधी पाहिलं होतं.

मेल

एवढं बोलणं झाल्यावर मेल छोटा होतो. त्यात नवीन काही नसावं. मृणालचा असा होता:

“सर, मॅडम, सायली, निखिल, नमस्कार. आकृत्या पक्क्या झाल्या आहेत. पूर्ण ड्राफ्ट पाठवण्याआधी कोणी काय केलं याचा तक्ता सोबत जोडला आहे. तुमच्या नावापुढे मला माहीत असलेलं लिहिलं आहे. काही राहिलं असेल तर भरा, चुकलं असेल तर बदला. यावरून मी सुचवलेला क्रम: मृणाल, सायली, निखिल, मॅडम, सर. कॉरस्पाँडिंग: मॅडम आणि सर. रिव्ह्यूनंतर नवीन प्रयोग करावे लागले आणि कुणाचं काम बरंच वाढलं, तर क्रम पुन्हा एकत्र बघू. वेगळं काही वाटत असेल तर इथे लिहा किंवा मला फोन करा. येत्या २० तारखेपर्यंत प्रत्येकानं ‘मान्य’ किंवा दुरुस्ती कळवावी. सगळ्यांचं उत्तर आल्यावरच पुढे जाऊ.”

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘उत्तर आलं नाही तर मान्य समजू’ असं लिहायचा मोह होतो, विशेषतः मोठी माणसं मेल वाचत नाहीत तेव्हा. पण गप्प राहणं म्हणजे संमती नाही. मॅडमचं उत्तर आलं नव्हतं. मृणाल पाषाणला गेली, तक्ता दाखवला, आणि परत येऊन ‘आज भेटीत ठरल्याप्रमाणे’ असा दोन ओळींचा मेल टाकला. त्यावर ‘ओके’ आलं. तोंडी झालेलं प्रत्येक बोलणं असं त्याच दिवशी लेखी करून ठेवा. व्हॉट्सॲपवर झालं असेल तरी मेलवर आणा, फोन बदलले की चॅट सापडत नाहीत.

सबमिटच्या दिवशी

पोर्टलमध्ये भरलेली नावं आणि शीर्षकाच्या पानावरची नावं, दोन्हींचा क्रम जुळवून बघा. माझ्या वेळी घोळ इथेच झाला होता. नाव इंग्रजीत कसं लिहायचं, मधलं नाव घालायचं की आद्याक्षर, आणि संशोधकाची ओळख सांगणारा ऑर्किड क्रमांक कोणता, हे ज्याचं त्याला विचारा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांना तर आवर्जून. पोर्टल तयार करतं ती पीडीएफ अंतिम बटण दाबण्याआधी सगळ्यांना पाठवा, एक दिवस थांबा.

त्यानंतर क्रम बदलणं सोपं राहत नाही. नाव वाढवायचं, काढायचं किंवा हलवायचं तर संपादक कारण विचारतात आणि सगळ्या लेखकांची, ज्याचं नाव काढायचं त्याचीही, सहीची संमती मागतात. संपादक तुमचा वाद सोडवत बसत नाहीत. तो ते संस्थेकडे परत पाठवतात आणि पेपर तोवर अडकून पडतो.

मृणालच्या पेपरला रिव्ह्यूत आणखी १२ जिवाणूंचं सिक्वेन्सिंग मागितलं. मॅडमच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलानं ते केलं, त्याचा अर्थही लावला, उत्तराच्या पत्रातला तो भाग लिहिला. मेलमध्ये ‘पुन्हा एकत्र बघू’ असं आधीच लिहिलेलं होतं, त्यामुळे तक्ता परत फिरला, त्याच्यासाठी एक ओळ वाढली, आणि त्याचं नाव निखिल आणि मॅडम यांच्यामध्ये आलं. जर्नलच्या फॉर्मवर सहा जणांच्या सह्या गोळा करायला मृणालला चार दिवस लागले.